n⁵ − n ला ३० ने भाग: फक्त पहिल्या प्रकरणाच्या बळावर

नंबर थिअरीचं जे हँडआउट आपण मंडळी सोबत सोडवतोय, त्याचं पहिलं प्रकरण माझ्याकडून पूर्ण झालं. शेवटचा स्वाध्याय तेवढा राहिला होता: n हा कोणताही पूर्णांक असो, n⁵ − n ला ३० ने निःशेष भाग जातो हे सिद्ध करा. मी स्वतःला अट घातली होती की उत्तरात पहिल्या प्रकरणात शिकवलेलंच वापरायचं, त्यापलीकडचं काहीही नाही. या अटीमुळे हे साधं दिसणारं गणित खूप काही दाखवून गेलं, म्हणून ते सविस्तर लिहितेय.

आधी हातात काय आहे ते पाहू. प्रकरणात भाग जाण्याची व्याख्या आहे: b = ak असा पूर्णांक k मिळाला, की b ला a ने भाग जातो. त्याखाली तीन नियम आहेत. भाग जाणं पुढे पुढे पोचतं, म्हणजे b ला a ने आणि c ला b ने भाग जात असेल तर c लाही a ने जातो. b ला a ने भाग गेला, तर b च्या कुठल्याही पटीला जातो. आणि दोन संख्यांना a ने भाग जात असेल, तर त्यांच्या बेरजेला आणि वजाबाकीलाही जातो. शेवटी भागाकाराचं प्रमेय: n = dq + r, जिथे r ही ० पासून d − 1 पर्यंतची एकच एक बाकी असते. संपलं. मूळ संख्या, मसावि, मॉड्युलो, विगमन यातलं काहीही अजून आलेलं नाही.

आपल्यातल्या एकाने हे गणित फर्माच्या छोट्या प्रमेयाने दोन ओळींत सोडवलंय आणि ते बिनचूक आहे. पण फर्माने ते प्रमेय १६४० सालच्या एका पत्रात सिद्धतेशिवाय मांडलं, आणि त्याची सिद्धता छापून यायला ऑयलरपर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं, थांबावं लागलं. इतकं वजनदार हत्यार या प्रकरणात यायच्या आधी उचललं, तर हातातल्या चार गोष्टींत किती ताकद आहे ते कधी कळणारच नाही. माझी पद्धत अशी: वहीत उजवीकडे एक रकाना आखते आणि प्रत्येक ओळीसमोर ती कोणत्या नियमावर उभी आहे ते लिहिते. ज्या ओळीसमोरचा रकाना रिकामा, ती ओळ अजून सिद्ध झालेली नाही.

पहिला भाग सरळ आहे. अवयव पाडले की

n⁵ − n = (n − 1) · n · (n + 1) · (n² + 1)

दोन लागोपाठच्या संख्यांत एक सम असतेच: n = 2q + r मध्ये r = 0 असेल तर n सम, r = 1 असेल तर n − 1 सम. म्हणून २ ने भाग जातो. तसंच n = 3q + r घेतलं, की r = 0 ला n, r = 1 ला n − 1 आणि r = 2 ला n + 1 या अवयवाला ३ ने भाग जातो. ५ साठी पाच बाक्या. r = 0, 1, 4 ला अनुक्रमे n, n − 1, n + 1 काम भागवतात. उरल्या २ आणि ३. तिथे शेवटचा अवयव धावून येतो:

n = 5q + 2 असेल तर n² + 1 = 25q² + 20q + 5
n = 5q + 3 असेल तर n² + 1 = 25q² + 30q + 10

दोन्हींतून ५ बाहेर काढता येतात. इथपर्यंत रकान्यातली प्रत्येक जागा भरलेली आहे.

आता एवढ्यावर "२, ३ आणि ५ ने भाग जातो, म्हणून ३० ने जातो" असं लिहून खाली रेघ मारण्याचा मोह होतो. शाळेपासून आपण हे वाक्य लिहीत आलोय. पण त्याच्यासमोर रकान्यात काय लिहायचं? प्रकरणात असा नियम नाही. वजाबाकीचा नियम एकाच भाजकाबद्दल बोलतो. दोन वेगळ्या भाजकांचा गुणाकार करायची परवानगी कुठेच दिलेली नाही.

बरेच जण इथे असं लिहितात: x ला २ ने भाग जातो म्हणून x = 2a. या 2a ला ३ ने भाग जातो, पण २ ला ३ ने जात नाही, म्हणून a ला गेलाच पाहिजे; a = 3b, म्हणून x = 6b. वाचताना कुठेही अडखळायला होत नाही. ही ओळ पारखायची असेल तर २ आणि ३ च्या जागी ४ आणि ६ ठेवून तीच वाक्यं पुन्हा वाचा. x = 4a, या 4a ला ६ ने भाग जातो, ४ ला ६ ने जात नाही, म्हणून a ला ६ ने भाग गेला पाहिजे. आता x = 12 घ्या. बाराला ४ नेही भाग जातो, ६ नेही जातो, पण a = 3 आहे आणि ३ ला ६ ने भाग जात नाही. शब्द तेच, क्रम तोच, निष्कर्ष खोटा. म्हणजे पहिल्या वेळी निष्कर्ष खरा ठरला तो ३ च्या अंगी असलेल्या एका खास गुणामुळे. तो गुण मूळ संख्यांचा आहे, आणि आपल्या हँडआउटमध्ये तो मसाविनंतर सिद्ध होतो. पहिल्या प्रकरणात तो गृहीत धरता येत नाही.

मग काय करायचं? मी बराच वेळ नुसती x = 2a आणि x = 3b ही दोन समीकरणं समोर ठेवून बसले. हातात बेरीज, वजाबाकी आणि पट एवढंच आहे, तर या दोघांतून ६ कसे निर्माण करता येतील? पहिल्याला ३ ने गुणलं तर 3x = 6a. दुसऱ्याला २ ने गुणलं तर 2x = 6b. दोन्हीकडे ६ आले. आता वजा करा:

x = 3x − 2x = 6a − 6b = 6(a − b)

झालं! मूळ संख्यांचं नाव नाही, मसावि नाही. फक्त व्याख्या आणि वजाबाकी. सगळी करामत ३ − २ = १ या एका गोष्टीत आहे. पुढची पायरीही तशीच. x = 6d आणि x = 5c हे माहीत आहे, आणि ६ − ५ = १:

x = 6x − 5x = 30c − 30d = 30(c − d)

x च्या जागी n⁵ − n ठेवलं की स्वाध्याय पुरा. ४ आणि ६ च्या बाबतीत हे का जमत नाही तेही इथे लख्ख दिसतं. ४ च्या आणि ६ च्या पटी कितीही घ्या, कशाही मिळवा किंवा वजा करा, उत्तर समच येणार, १ कधीच येणार नाही. मघाशी खोटा ठरलेला निष्कर्ष आणि आत्ताचा खरा निष्कर्ष यांच्यातला फरक मला या ओळीने समजावला.

३० पेक्षा मोठी संख्या चालली असती का? n = 2 घातलं की 32 − 2 = 30, म्हणून नाही. विगमनाने करायचं असेल तर लागोपाठच्या दोन किमतींतला फरक 5k(k + 1)(k² + k + 1) येतो आणि त्याला ३० ने भाग जातो हे दाखवावं लागतं. पण तिथेही २ आणि ३ जोडायचा प्रश्न तसाच समोर येतो, म्हणून तो रस्ता मी सोडला. पाच बाक्यांची तपासणी मात्र टाळता येते, आणि हे रूप मला फार आवडलं:

n⁵ − n = (n − 2)(n − 1)n(n + 1)(n + 2) + 5(n − 1)n(n + 1)

n² + 1 म्हणजे (n² − 4) + 5, एवढंच केलंय. पहिल्या पदात लागोपाठ पाच संख्या आहेत, त्यांतल्या एकीला ५ ने भाग जाणारच. दुसऱ्या पदात ५ उघड दिसतोय. "लागोपाठ पाच संख्यांच्या गुणाकाराला १२० ने भाग जातो" हे वाक्य इथे वापरू नका. ते खरं आहे, पण प्रकरणात नाही, आणि लागतही नाही.

हीच युक्ती पुढे किती चालते ते पाहायला मी n⁷ − n घेतलं. त्याचे अवयव n(n − 1)(n + 1)(n² + n + 1)(n² − n + 1). ७ ने भागल्यावर बाकी २ किंवा ४ असेल तर n² + n + 1 ला ७ ने भाग जातो, ३ किंवा ५ असेल तर n² − n + 1 ला. बाकी ०, १, ६ सोप्या आहेत. ६ ने भाग जातो हे वरच्यासारखंच, आणि ७ − ६ = १, म्हणून ४२ ने भाग जातो.

n¹³ − n ला मात्र लागोपाठच्या आकड्यांची साथ सुटते. तिथे ३० आणि ७ जोडावे लागतात आणि त्यांच्यातलं अंतर १ नाही. मी ३० च्या पटींत १ मिळवत गेले: ३१, ६१, ९१. शेवटच्याला ७ ने भाग जातो: 13 · 7 − 3 · 30 = 1. मग x = 91x − 90x. x = 30d असल्यामुळे 91x = 13 · 7 · 30d, आणि x = 7e असल्यामुळे 90x = 3 · 30 · 7e; दोन्हींत २१० आहे. या पटी शोधायची रीत म्हणजे आपल्याकडचा कुट्टक. लीलावतीत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. सामाईक भाजक नसलेल्या कुठल्याही जोडीसाठी अशा पटी मिळतातच का, हे पहिलं प्रकरण सांगू शकत नाही. दुसऱ्यातली युक्लिडची रीत तिथूनच सुरू होते.

सध्या n¹³ − n च्या १३ बाक्यांवर काम चालू आहे. बाकी २ ला n⁴ − n² + 1 हा अवयव उपयोगी पडतो, कारण 16 − 4 + 1 = 13. बाकी ३ ला n² + n + 1 पुरतो, ४ ला n² − n + 1, ५ ला n² + 1. ६ पासून पुढच्या तपासायच्या आहेत. कोणी आधीच केल्या असतील तर कोणत्या बाकीला कोणता अवयव लागला तेवढं कळवा, म्हणजे ताडून पाहता येईल.