त्रेचाळिसाव्या शब्दावरची मागणी

चाकणच्या एका कारखान्यातून इंग्लंडमधल्या मुख्यालयाला दरमहा जाणारे इंग्रजी अहवाल तपासण्याचे काम मी करते. अभियंते मजकूर लिहितात, मी तो वाचून दुरुस्त करते आणि तो पुढे जातो. मार्चअखेरच्या अहवालात जे घडले, त्यात माझाही वाटा होता.

देखभाल विभागाच्या प्रमुखांना एकच गोष्ट मागायची होती: दुसऱ्या क्रमांकाच्या काँप्रेसरला आधार म्हणून एक काँप्रेसर मे महिन्यापासून भाड्याने घेण्याची परवानगी. अहवाल सकाळी गेला आणि दुपारी उत्तर आले की, पुढच्या वर्षी नवा काँप्रेसर घेण्याचा प्रस्ताव संचालकांना मान्य आहे. भाड्याच्या यंत्राचा त्यात उल्लेखच नव्हता. विभागप्रमुख उत्तराची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, मी तर स्पष्ट लिहिलं होतं."

त्यांनी खरेच लिहिले होते. ते वाक्य चौसष्ट शब्दांचे होते, आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, म्हणूनच मी ते सोडून दिले होते. आधी कंपनांची नोंद जानेवारीत मर्यादेत होती हे, मग आठ आठवड्यांत ती वाढत गेली हे, मग बेअरिंगचा संच यायला दहा आठवडे लागतात हे, आणि त्यानंतर 'इट इज फेल्ट दॅट' असे म्हणून मूळ मुद्दा. 'स्टँडबाय' हा शब्द मी बोट ठेवून मोजला, तेव्हा तो त्रेचाळिसावा निघाला. वाक्याचा शेवट मात्र पुढच्या वर्षीच्या खरेदीच्या उल्लेखावर, 'नेक्स्ट इयर' या शब्दांवर झाला होता. इंग्रजी वाक्यात पूर्णविरामाच्या आधीच्या जागेवर वाचकाच्या मनातला जोर आपोआप पडतो, आणि घाईत वाचणारा वाक्याचा आरंभ व तो शेवट एवढेच हाती घेऊन पुढे जातो. संचालकांनी नेमके तेच केले होते आणि त्यात त्यांचा दोष मला दिसत नाही.

असे वाक्य का तयार होते, हे मराठी माणसाला समजायला अवघड नाही. आपले क्रियापद शेवटी येते, त्यामुळे 'असल्यामुळे', 'लक्षात घेता', 'मिळाल्यास' अशा पायऱ्या चढत अखेरीस मुद्द्यावर पोहोचणे आपल्याला स्वाभाविक वाटते. ऐकणाराही शेवटपर्यंत थांबायची तयारी ठेवूनच बसलेला असतो. इंग्रजीच्या वाचकाला कर्ता आणि क्रियापद लवकर हवे असते. ते मिळेपर्यंत आधीच्या सगळ्या अटी त्याला मनात तोलून धराव्या लागतात, आणि सदतीस शब्द तोलून धरायला सकाळच्या बैठकीआधी कोणालाही वेळ नसतो.

मी लगेच सगळे कापले. कार्यशाळांमध्ये 'लहान वाक्ये लिहा' एवढेच शिकवतात आणि मीही वर्षानुवर्षे तेच सांगत आले होते. काँप्रेसर कंप पावतो आहे. जानेवारीत नोंद 3.1 होती. आता ती 6.4 आहे. बेअरिंगच्या संचाला दहा आठवडे लागतात. आम्हाला आधाराचे यंत्र हवे आहे. ते मेपासून हवे आहे. खरेदी पुढच्या वर्षी आहे. इंग्रजीत यातले प्रत्येक वाक्य चार ते नऊ शब्दांचे होते. वर्डमधल्या वाचनसुलभतेच्या मोजणीत या मजकुराला आधीच्यापेक्षा कितीतरी वरचा गुण मिळाला, आणि मी समाधानाने तो पाठवला.

तासाभरात संचालकांच्या कार्यालयातून प्रश्न आला: बेअरिंग दहा आठवड्यांत येणारच आहे, तर मग भाड्याचे यंत्र कशासाठी? प्रश्न रास्त होता. वाक्ये तोडताना मी 'कारण' आणि 'त्यापूर्वी' हे दोन दुवेच काढून टाकले होते. बेअरिंग येण्यापूर्वीच यंत्र बंद पडेल, हा सगळ्या मागणीचा कणा होता, आणि माझ्या सात तुकड्यांत तो कुठेही नव्हता. शिवाय सातही वाक्ये एकाच उंचीची असल्याने त्यांतली मागणी कोणती आणि पार्श्वभूमी कोणती, हे वाचकाने ओळखायचे कसे?

त्या मोजणीचा मला आजही राग येतो. वर्ड वापरते ते सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांनी 1948 मध्ये मांडले. त्यात दोनच गोष्टी मोजल्या जातात: एका वाक्यात सरासरी किती शब्द आणि एका शब्दात सरासरी किती अक्षरावयव. 'बिकॉज' गाळला की गुण वाढतो, कारण वाक्य तुटून लहान होते. अर्थ तुटला आहे, हे सूत्राला कळण्याचा मार्गच नाही. लांब आणि आखूड वाक्यांची अदलाबदल आहे की सगळी एका मापाची आहेत, हेही सरासरीत दिसत नाही. सूत्राकडून तेवढ्याची अपेक्षा करणे चूकच आहे. पण आमच्याकडे त्या आकड्यावर अहवाल संमत होतात.

तिसरा मसुदा मी विभागप्रमुखांना शेजारी बसवून लिहिला आणि दर वाक्य मोठ्याने वाचले. पहिले वाक्य सात शब्दांचे: 'हायर अ स्टँडबाय काँप्रेसर फ्रॉम वन मे.' दुसरे मुद्दाम अडतीस शब्दांचे ठेवले, कारण कंपने आठ आठवड्यांत 3.1 वरून 6.4 मिलिमीटर प्रतिसेकंद झाली, म्हणजे दुपटीच्या वर गेली, आणि संच यायला दहा आठवडे लागत असल्याने यंत्र त्याआधीच निकामी होण्याची शक्यता आहे, ही साखळी एका श्वासात वाचली तरच कारण म्हणून समजते. कर्ता आणि क्रियापद सुरुवातीलाच एकमेकांजवळ ठेवले आणि वाक्य 'बिफोर वी कॅन रिपेअर इट' यावर संपवले, म्हणजे जोर धोक्यावर पडला. त्यानंतर आठ शब्दांत एवढेच, की उरलेले दोन काँप्रेसर पूर्ण भार पेलू शकत नाहीत. लांब वाक्यानंतर आल्यामुळे ते आखूड वाक्य ठणकावून सांगितल्यासारखे वाजते; सात तुकड्यांच्या रांगेत तेच हरवले असते. शेवटच्या पंधरा शब्दांत पुढच्या वर्षीची खरेदी वेगळी केली आणि तिच्यावर आता निर्णय नको, असे लिहिले. चार वाक्ये, अडुसष्ट शब्द, सरासरी सतरा. मात्र त्यांतले एकही वाक्य सतरा शब्दांचे नव्हते.

विभागप्रमुखांना पहिल्या वाक्यावर आक्षेप होता. "मॅडम, संचालकांना हा हुकूम दिल्यासारखा वाटेल," असे ते म्हणाले. त्यांच्या मूळ वाक्यातला 'मे बी रिक्वायर्ड' हा अनिश्चिततेतून आला नव्हता, तो अदबीतून आला होता, हे मला तेव्हा कळले. वाचणाऱ्याला मात्र त्यातून शंका ऐकू गेली. आम्ही 'वी रेकमेंड' जोडायचे का यावर बोललो आणि शेवटी वर 'रेकमेंडेशन' असे शीर्षक देऊन वाक्य तसेच ठेवले. संध्याकाळी एका ओळीत मंजुरी आली.

एप्रिलचा अहवाल त्यांनी मोठ्या कष्टाने स्वतः लिहून आणला. त्यातले सहाही परिच्छेद सहा-सात शब्दांच्या आज्ञार्थी वाक्याने सुरू होत होते, पाण्याच्या गळतीचा आणि रंगकामाचाही. एका पानावर सहा ठणके. त्यांच्यासमोर बसून मी पाच परिच्छेदांच्या सुरुवाती पुन्हा लांब केल्या, फक्त बाष्पकाच्या सुरक्षा झडपेची तशीच राहू दिली, आणि मार्चमध्ये मी त्यांना नेमके काय शिकवले होते, याचा विचार करत राहिले.