वळण खातंय की जोड? गोठ्याच्या फायबरची नोंद

निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या बाजूला आमचं शेत. घरापासून गोठ्यापर्यंत ६२० मीटर फायबर मी मागच्या दिवाळीत ओढली, कॅमेऱ्यासाठी. दोन्ही टोकांना स्वस्तातले मीडिया कन्व्हर्टर आहेत, म्हणजे तारेतला सिग्नल उजेडात बदलणारे डबे. एकाच धाग्यावर जाताना १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड आणि येताना १५५० नॅनोमीटरचा, अशी ती जोडी. दिवे हिरवे, चित्र स्वच्छ, म्हणून आठ महिने तिकडे बघितलंच नाही. या महिन्यात उजेड मोजणारा जुना पॉवर मीटर हाताशी आला आणि वाटेत किती उजेड गळतो ते सहज मोजलं, तर १३१० ला २.२ डीबी आणि १५५० ला ६.८ डीबी जातोय. डीबी जितके जास्त जातील तितका उजेड कमी पोचतो, म्हणून दुसरा आकडा बघून झोप उडाली.

आधी मोजलं कसं ते सांगतो, कारण बरेच जण इथेच घोळ करतात. वेगळा लाइट सोर्स माझ्याकडे नाही. कन्व्हर्टरच सोर्स म्हणून वापरले. घरचा कन्व्हर्टर १३१० सोडतो. छोटी पॅचकॉर्ड लावून त्याचा उजेड थेट मीटरवर घेतला, तो आला उणे ८.६ डीबीएम. मग तीच पॅचकॉर्ड लाइनला जोडली आणि मीटर घेऊन गोठ्यावर गेलो. तिथे उणे १०.८. फरक २.२ डीबी. परतीच्या १५५० साठी हेच उलट्या बाजूने. मीटरवर तरंगलांबी बदलायला विसरलात तर आकडा चुकतो, कारण आतला डिटेक्टर दोन्ही रंगांना सारखा प्रतिसाद देत नाही. आणि पॅचकॉर्ड काढून पुन्हा लावली की माझ्याकडे ०.१ डीबी इकडेतिकडे होतंच. म्हणजे पुढच्या सगळ्या हिशोबात दुसऱ्या दशांशाला काही अर्थ नाही.

आता असायला किती हवं? ही साधी जी ६५२ डी जातीची फायबर. १३१० ला किलोमीटरला ०.३५ आणि १५५० ला ०.२१ धरलं, तर ६२० मीटरचे ०.२२ आणि ०.१३. दोन टोकांचे कनेक्टर मिळून ०.६. घराकडे एक फ्यूजन जोड आहे, म्हणजे काच वितळवून केलेला, आमच्या गावच्या केबलवाल्याने मशीनवर मारून दिलेला, त्याचे ०.०५. गोठ्याकडे एक मेकॅनिकल जोड, म्हणजे न वितळवता नुसती टोकं भिडवून, तो मी स्वतः केलेला. तो सोडून बाकीची बेरीज १३१० ला ०.८७ आणि १५५० ला ०.७८. चांगल्या मेकॅनिकल जोडाचे ०.२ धरले तरी दोन्ही रंगांना एक डीबीच्या आसपास यायला हवं.

उजेड धाग्याच्या मधल्या गाभ्यातून जातो. जोडात दोन गाभे एकमेकांसमोर नीट आले नाहीत तर १३१० ला थोडा जास्त तोटा होतो, १५५० ला थोडा कमी. वळणाचं उलट आहे. ते १५५० ला भरपूर खातं आणि १३१० ला जवळपास हात लावत नाही. कारण एकच. लांब तरंगाचा उजेड गाभ्याबाहेर जास्त पसरलेला असतो. पसरलेला ठिपका जोडात थोडा सरकला तरी चालतो, पण वळणावर त्याचीच बाहेरची कड आधी निसटते. त्यामुळे दोन रंगांचे आकडे शेजारी ठेवले की गुन्हेगार कोण ते कळायला लागतं. माझ्या २.२ आणि ६.८ मध्ये वळण तर नक्कीच होतं. फक्त तेच होतं का, हे बघायचं होतं.

लाइनवर हात टाकण्याआधी टेबलावर एक संध्याकाळ घालवली. बॉक्समधल्या उरलेल्या फायबरचा तुकडा घेतला, दोन्ही टोकांना पिगटेल, म्हणजे कनेक्टर बसवलेले छोटे तुकडे, लावले, आणि नागडा धागा वेगवेगळ्या गोल वस्तूंवर गुंडाळून मोजला. २५ मिलीमीटरच्या इलेक्ट्रिक पाइपवर चार वेढे दिले आणि मिळालेल्या तोट्याला चारने भागलं. एका वेढ्याला १५५० वर ०.०७ डीबी. २० मिलीमीटरच्या पाइपवर वेढ्याला ०.५५. घड्याळातल्या लांबट पेन्सिल सेलवर, म्हणजे साडेचौदा मिलीमीटर जाडीवर, एकाच वेढ्याला ४.९ डीबी! १३१० ला पाइपवर मीटर हललाच नाही, सेलवर फक्त ०.२ गेला.

त्रिज्येच्या प्रत्येक मिलीमीटरला तोटा साधारण सव्वादोन पट होतो, असं या आकड्यांतून निघतं. साडेबारावरून दहावर आलो तर आठ पट, दहावरून सव्वासातावर आलो तर नऊ पट. वेढा पूर्ण नसेल तर प्रमाणात कमी धरायचा, पाव वळण तर पाव. पण त्रिज्या पाच मिलीमीटर असेल तर पाव वळणही सात-आठ डीबी खाईल, म्हणून भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात दुमडलेली फायबर वेढ्यापेक्षा वाईट. माझा सव्वादोनचा आकडा या फायबरचा, या रंगाचा. जी ६५७ जातीची वळणसहनशील फायबर असेल तर तो सोडूनच द्या. आणि या घसरणीला लहानमोठ्या लाटा असतात, कारण निसटलेला उजेड वरच्या प्लास्टिकच्या थरावरून थोडा परत फिरतो आणि गाभ्यातल्या उजेडात मिसळतो. म्हणून मोजलेला ठिपका रेषेवर तंतोतंत पडला नाही तर घाबरायचं नाही.

एक गंमत सांगतो. आधी मी पिगटेलचा जाड पिवळा भाग, ९०० मायक्रॉनचा, त्याच २० च्या पाइपवर गुंडाळला होता तेव्हा ०.४ आला आणि मी डोकं खाजवत बसलो. जाड आवरणामुळे काचेची खरी त्रिज्या पाइपच्या त्रिज्येपेक्षा जवळपास अर्धा मिलीमीटर जास्त होते, एवढाच फरक. अर्ध्या मिलीमीटरची एवढी किंमत!

दुसऱ्या दिवशी गोठ्यावर गेलो. रात्री, कारण थ्री फेज तेव्हाच असते आणि अंधारात लाल पेन बरा दिसतो. लाल पेन म्हणजे व्हीएफएल, फायबरमध्ये लाल उजेड सोडणारा. तो सोडून जोडाच्या बॉक्सचं झाकण काढलं, तर स्पूलवरचा एक वेढा सुटून झाकणाच्या स्क्रूच्या खांबाखाली अडकला होता आणि तिथे निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. लंबगोल, साधारण त्या सेलएवढाच. शेजारच्या शेतात मोटर बघायला आलेले सदलग्याचे काका बॅटरी धरून उभे होते. मी घाईने बोट घातलं तर म्हणाले, "स्वल्प तडीरी, काच हाय न्हवं ती?" जरा थांबा म्हणत होते, आणि खरं होतं. अशी ओढलेली फायबर ओलाव्यात महिनोन्महिने ताणून राहिली की तिच्या पृष्ठभागावरच्या बारीक चिरा वाढतात. हिरव्या दिव्याला यातलं काही कळत नाही, कारण अशा कन्व्हर्टरला उणे तीसच्या आसपास उजेड मिळाला तरी पुरतो.

वेढा मोकळा करून स्पूलवर मोठा बसवला आणि पुन्हा मोजलं. १३१० ला २.०, १५५० ला १.८. म्हणजे त्या एका वेढ्याने अनुक्रमे ०.२ आणि ५.० डीबी खाल्ला होता. टेबलावरच्या सेलचे आकडे जसेच्या तसे.

आता उरलं काय? हिशोबातले ०.८७ आणि ०.७८ वजा केले तर मेकॅनिकल जोडाच्या वाट्याला १.१ आणि १.० येतात. १३१० ला थोडे जास्त, म्हणजे जोडाचीच सही. त्यातून सरकण किती ते काढता येतं:

```
loss_dB = 4.34 * (d / w)^2
```

यात d म्हणजे दोन गाभ्यांमधली आडवी सरकण आणि w म्हणजे उजेडाच्या ठिपक्याची त्रिज्या. आपल्या फायबरला १३१० वर ती ४.६ मायक्रॉन, १५५० वर ५.२. एक मायक्रॉन सरकलं तर १३१० ला ०.२ डीबी. तोटा वर्गात वाढतो, म्हणून दोन मायक्रॉनला ०.८. माझ्या १.१ ला d येतो २.३ मायक्रॉन. मग १५५० ला ०.८६ यायला हवे होते, मला १.० आले. तिरपेपणा धरून बघितला. एक अंशाला १३१० वर ०.३५ आणि १५५० वर ०.३२, त्या हिशोबाने पावणेदोन अंशाचा कोन दोन्ही आकड्यांना जास्त चांगला बसतो. पण त्या ०.१४ च्या फरकावरून निकाल द्यायचा नाही, माझी पॅचकॉर्डच ०.१ ने हलते. सरकण की तिरपेपणा हे माझ्या मीटरला ओळखता येणार नाही. जोड वाईट आहे एवढं मात्र नक्की.

कारण मला आठवत होतं. जोड केला तेव्हा शेजारी गुऱ्हाळ चालू होतं. चिपाडाची भुकटी हवेत होती आणि सोलून काढलेला धागा मी एकदाच पुसला होता. मेकॅनिकल जोडात दोन्ही धागे व्ही आकाराच्या खाचेत बसतात आणि काचेचा बाहेरचा १२५ मायक्रॉनचा व्यासच त्यांना सरळ धरतो. खाचेत दोनतीन मायक्रॉनचा कण गेला की एक धागा तेवढा उचलला जातो किंवा तिरपा बसतो. आतली जेल उजेडाचं परतणं थांबवते, चुकलेला गाभा सरळ करत नाही.

यावेळी जोडाची पिगटेलकडची बाजू घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर केली. पंखा बंद. नवीन जोड घेतला, धागा दोनदा आयपीए अल्कोहोलने पुसला, पुसताना करकर आवाज आला तेव्हाच थांबलो. क्लीव्हरने कापल्यावर टोक कशालाही टेकवलं नाही, थेट खाचेत. कापलेले काचेचे तुकडे बाटलीत टाकले, ओट्यावर भाकरी थापली जाते हे लक्षात ठेवून. मग गोठ्यावर लाइनचा धागाही तसाच पुसून कापला आणि आत सरकवला. तेव्हा पहिला थोडा वर येतो तो जाणवला, की समजायचं टोकं भिडली.

गोठ्यावर बसवून मोजलं: १३१० ला १.१, १५५० ला ०.९५. म्हणजे जोडाचे ०.२३ आणि ०.१७. पुन्हा त्याच सूत्रात घातलं तर सरकण साधारण एक मायक्रॉन. याहून खाली यायची आशा मी ठेवलेली नाही. प्रत्येक धाग्यात गाभा बाहेरच्या व्यासाच्या मध्यापासून ०.६ मायक्रॉनपर्यंत सरकलेला चालतो, असं मानकच म्हणतं. दोन्ही धागे उलट्या बाजूला चुकलेले असले तर १.२ मायक्रॉन तिथेच गेले, हात कितीही स्वच्छ असो. फ्यूजन मशीनला हा फरक कमी करता येतो, कारण महागड्या यंत्रात गाभा बघून जुळवतात. मात्र पडद्यावर जो ०.०२ दिसतो तो छायाचित्रावरून काढलेला अंदाज असतो, मोजलेला तोटा नव्हे. केबलवाल्याला हे सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "भावा, मशीन खोटं बोलत असेल तर गिऱ्हाईक आधी सांगतंय."

बॉक्सच्या झाकणाचा तो खांब कानशीने घासून काढलाय. पुढची नोंद पाऊस थांबल्यावर. तेव्हा हेच दोन आकडे पुन्हा घेणार.