आमची वाटचाल: एका आभारपत्राने राखलेला हॉल

शेजारी मोठं हॉटेल उभं राहिलं आणि आमचा बॅन्क्वेट हॉल बंद करायची वेळ आली. त्यांचा हॉल आमच्या दुप्पट, वर दर पाडलेले. तेवढंच असतं तर सोसलं असतं. पण आमच्याकडे कॉन्फरन्स चालू असताना त्यांचा माणूस आमच्याच लॉबीत आमच्या पाहुण्यांना कार्डं वाटून जायचा. ते अजून मनातून जात नाही. जुन्या कंपन्या एकेक करून तिकडे गेल्या. कर्जाचे हप्ते थांबले नाहीत.

त्याच वर्षी जुलैत एका कंपनीची दोन दिवसांची विक्रेता परिषद आमच्याकडे झाली. खोल्या राखल्या होत्या 60, लागल्या 52. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत क्लासरूम मांडणी मोडून गटचर्चेसाठी गोल टेबलं लावायची होती. आमच्या पोरांनी सुट्टी संपायच्या आत हॉल तयार करून दिला.

हे सगळं मी फंक्शन प्रॉस्पेक्टसवर, म्हणजे कार्यक्रमाचं काय ठरलंय ते लिहिलेल्या कागदावर, टिपून ठेवतो. ठरलेलं काळ्या शाईत, प्रत्यक्षात झालेलं बाजूला लाल शाईत. तो लाल शाईचा कागद समोर घेतल्याशिवाय मी आजही आभारपत्र लिहायला बसत नाही.

पत्र दुसऱ्याच दिवशी गेलं, बिलासोबत नाही. बिलाला जोडलेलं पत्र अकाउंट्सच्या फाइलीत जातं आणि तिथेच राहतं. नाव घातलं ते सगळी धावपळ केलेल्या ॲडमिनच्या मॅडमचं. साहेबांना फक्त प्रत. काही बिनसलं असतं तर बोल मॅडमनाच लागला असता, आणि पुढचं हॉटेलही त्याच सुचवणार. टेबलांचा बदल त्यांनी आदल्या संध्याकाळी लेखी कळवला, म्हणून सत्र वेळेवर सुरू झालं, हे पत्रात स्पष्ट लिहिलं.

‘पुन्हा सेवेची संधी द्यावी’ हे वाक्य सगळेच लिहितात, ते मी टाळलं. त्याऐवजी लिहिलं: ‘पुढच्या जुलैतल्या तिसऱ्या आठवड्याचे गुरुवार-शुक्रवार आपल्या नावाने राखून ठेवले आहेत. 31 जानेवारीपर्यंत आगाऊ रक्कम नको. यंदा 52 खोल्या लागल्या, म्हणून 55च धरल्या आहेत. न लागणाऱ्या खोल्यांचा भार आपल्यावर पडू नये.’

सवलतीचा शब्दही काढला नाही. नव्याने या धंद्यात आलेल्यांना माझं सांगणं आहे, आभारपत्रात दर कमी करू नका. यंदा जास्त घेतले असाच त्याचा अर्थ निघतो. आणि मुदत घातलीत तर पाळा. त्या तारखेआधी दुसरं गिऱ्हाईक आलं तरी हॉल देऊ नका, आणि तारीख उलटली की एक फोन करून मोकळा करा.

जानेवारीत मॅडमचा फोन आला. शेजारच्यांचं स्वस्तातलं कोटेशन त्यांच्या टेबलावर होतं, हे त्यांनीच सांगितलं. पुढे विचारलं, “आमच्या तारखा आहेत ना अजून? मग 55 खोल्या पक्क्या करा.”