बेळगावात फ्लॅटची खरेदी: नोंदणीचा माझा अनुभव

टिळकवाडीत फ्लॅट घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी हिशेब मांडून दिला तो कोल्हापूरच्या दाजींनी. "नोंदणी फी तीस हजारांच्या वर जात नाही, आणि फ्लॅट बहिणीच्या नावावर घे, एक टक्का सूट मिळते." त्यांनी कोल्हापुरात घर घेतलंय, त्यामुळे त्यांचं तिथल्यापुरतं बरोबरच होतं. पण आपण कर्नाटकात. इथं नोंदणी फीला कमाल मर्यादा नाही आणि बाईमाणसाच्या नावावर घेतलं म्हणून मुद्रांक शुल्क कमी होत नाही. उलट 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी फी एक टक्क्याची दोन टक्के झाली. सीमाभागात निम्मे पाहुणे पलीकडे असतात, म्हणून हे आधी सांगतोय. तिकडचा आकडा धरून पैशाची जुळणी केली तर ऐन वेळी लाखभर कमी पडतात.

आमच्यासमोर दोन फ्लॅट होते, किंमत दोन्हींची 44 लाख. एक बिल्डरकडून नवा, दुसरा त्याच गल्लीत, आधीच्या मालकाकडून. बायकोला दुसरा आवडला होता, हवा छान यायची. पण खरेदीपत्र लिहून देणाऱ्या बाँड रायटरनं कागदावर आकडे मांडले आणि फरक दिसला. फ्लॅटची पहिलीच विक्री असेल आणि किंमत 45 लाखांपर्यंत असेल, तर मुद्रांक शुल्क तीन टक्के. 20 लाखांपर्यंत तर दोनच टक्के. जुना फ्लॅट घेतला की सरळ पाच टक्के. शिवाय शुल्काच्या रकमेवर दहा टक्के सेस आणि शहरात दोन टक्के अधिभार.

नव्या फ्लॅटला तीन टक्क्यांनी 1,32,000, सेस 13,200, अधिभार 2,640, म्हणजे 1,47,840. त्यात नोंदणी फी 88,000. एकूण 2,35,840 रुपये. जुन्याला हेच 3,34,400 झाले असते. 98,560 रुपयांचा फरक फक्त सरकारी भरण्यात! आम्ही नवा घेतला. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळालेला होता, म्हणून जीएसटीही लागला नाही.

यात एक गोष्ट नीट बघावी लागते. शुल्क ठरलेल्या किमतीवर नव्हे, तर ती आणि सरकारी मार्गदर्शी दरानं येणारी किंमत यांत जी जास्त, तिच्यावर बसतं. आमची सरकारी किंमत कमी निघाली. पण ती समजा 46 लाख आली असती, तर सवलत हातची गेली असती आणि पाच टक्क्यांनी नोंदणी फीसकट 3,49,600 भरावे लागले असते. म्हणून इसार देण्याआधीच बाँड रायटरकडून ही किंमत काढून घ्यावी.

खरं अडलं ते ई-खात्यावर, म्हणजे पालिकेतल्या मिळकतीच्या ऑनलाइन नोंदीवर. आता ई-खात्याशिवाय शहरातल्या मिळकतीची नोंदणीच होत नाही. बिल्डरकडे ई-खाता होता, पण अख्ख्या प्लॉटचा. आमच्या फ्लॅटचा स्वतंत्र खाता महानगरपालिकेत अजून झालाच नव्हता. "आठवड्यात होईल" हे बरेच आठवडे ऐकलं. शेवटी मी सांगितलं, खाता हातात आल्यावरच उरलेली रक्कम. मग काम हललं.

पुढचं काम नोंदणी विभागाच्या कावेरी 2.0 या संकेतस्थळावर. तिथं खरेदीदार, विकणारा, साक्षीदार आणि मिळकतीची माहिती भरायची, खरेदीपत्राचा मसुदा चढवायचा. सब-रजिस्ट्रार तो ऑनलाइन तपासतात, त्रुटी असली तर परत पाठवतात. मंजूर झाला की पैसे भरायचे आणि वेळ घ्यायची.

मसुदा कन्नडमध्ये होता. मला कन्नड वाचता येतं, तरी शेजारच्या मास्तरांना बसवून मोठ्यानं वाचून घेतलं. वडिलांच्या नावात आधारवर 'दत्तात्रय' आणि मसुद्यात 'दत्तू' निघालं. हे नोंदणीनंतर सापडलं असतं तर दुरुस्तीपत्र करून पुन्हा नोंदवावं लागलं असतं. चतुःसीमा, खाता क्रमांक आणि चौरस फूट, हे तिन्ही ई-खात्याच्या प्रतीशेजारी ठेवून बोट फिरवून ताडून बघितले.

प्रत्यक्ष कचेरीत काम थोडंच: फोटो, अंगठा, सह्या, दोन साक्षीदार. नोंदणी झाली की तिची माहिती देणारी जे-स्लिप आपोआप महानगरपालिकेकडे जाते आणि तिथं खात्यावर नाव बदलण्याची प्रक्रिया सुरू होते. मी थोड्या दिवसांनी कावेरीवरूनच ऋणभार प्रमाणपत्र, आपण ज्याला ईसी म्हणतो, ते काढलं. दाजी त्यांच्याकडच्या इंडेक्स-टू या नोंदणीच्या उताऱ्याबद्दल विचारत होते, इथं ते काम ईसीवर भागतं. त्यात आमची खरेदी चढली होती. ई-खात्यावर नाव यायला मात्र पालिकेत पाठपुरावा करावा लागला, आणि ते आल्यावरच वीज मीटर नावावर करायचा अर्ज दिला.