छोल्यांचा प्रयोग, पुढची नोंद: फुगतात, पण शिजत नाहीत

मागच्या नोंदीत कडक राहिलेल्या छोल्यांचा नुसता उल्लेख केला होता. आता त्या एकाच प्रश्नाच्या मागे लागलो आहे. रात्रभर भिजवलेले, टपोरे फुगलेले काबुली चणे कुकरमध्ये तासभर ठेवले तरी दाताखाली कचकन लागतात, ते का? आणि त्यांचं काही करता येतं का?

आधी एक गोष्ट बाजूला काढू, कारण ती नेहमी यात मिसळली जाते. मटकी, कुळीथ भिजवताना काही दाणे तसेच खड्यासारखे राहतात, ते गणंग. त्यांच्या सालातून पाणी आतच शिरत नाही. काबुली चण्याचं साल पातळ असतं, त्यामुळे त्यात गणंग क्वचितच निघतात. ओळखायला सोपं: बारा तास भिजवल्यावरही दाणा लहान, सुरकुतलेला आणि टणक असेल तर तो गणंग. बाकीचे चणे भिजून वजनाला साधारण दुप्पट होतात, म्हणजे १०० ग्रॅमचे २०० ते २१०. माझ्याकडच्या हट्टी मालाचं भिजल्यावर वजन केलं तर तेही दुप्पट भरलं. म्हणजे पाणी आत व्यवस्थित शिरलं होतं. फुगणं वेगळं आणि मऊ होणं वेगळं, हे इथेच लक्षात ठेवायचं.

मऊ होणं म्हणजे नेमकं काय, तर दाण्यातल्या पेशी एकमेकींपासून सुटणं. विटांमध्ये सिमेंट असतं तसं या पेशींच्या मधे पेक्टिन असतं. उष्णतेने पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटचेपा होतो. पण पेक्टिनच्या साखळ्यांना कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम चिकटलं की त्या एकमेकींना घट्ट बांधल्या जातात, आणि मग ते लवकर विरघळत नाही. चणे न शिजण्याची बहुतेक कारणं फिरून इथेच येतात. प्रश्न एवढाच, की हे कॅल्शियम आलं कुठून?

एक वाट पाण्याची. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअर आणि टँकर चालू होतो आणि किटलीच्या तळाला पांढरा थर बसायला लागतो. मत्स्यालयवाले वापरतात ते थेंब मोजायचं किट आणून पाहिलं, तर बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला हे पाणी चालून जाईल, चण्यांना मात्र नाही. टीडीएस मीटरवर इथे विसंबू नका. तो पाण्यातले सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यात सोडियम किती आणि कॅल्शियम किती हे सांगत नाही, आणि चण्यांच्या बाबतीत हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध वागतात.

दुसरी वाट दाण्याच्या आतूनच येते, आणि ती मला जास्त रंजक वाटते. चण्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तो स्वतःशी धरून ठेवतो. माल महिनोन् महिने गरम आणि दमट जागेत पडला, की दाण्यातलंच एक एन्झाइम या फायटेटचे तुकडे करतं. सुटलेलं कॅल्शियम भिजवताना आणि शिजताना पेशींच्या मधल्या पेक्टिनकडे जातं. म्हणजे जुना चणा आपल्या कडकपणाचं सामान आतच घेऊन येतो. त्याला तुम्ही कितीही चांगल्या पाण्यात भिजवा.

आता प्रत्यक्ष चाचणी. दोन माल घेतले: एक होळीनंतर आलेला नवा, दुसरा आदल्या वर्षीचा, गॅसच्या वरच्या कपाटात पावसाळा काढलेला. दोन पाणी घेतली: बोअरचं आणि फिल्टरचं. प्रत्येक जोडीला १०० ग्रॅम चणे, ४०० मिलिलिटर पाणी, बारा तास भिजवण. मग निथळून, त्याच प्रकारचं ताजं पाणी घालून स्टीलच्या डब्यांत. दोन दोन डबे एका कुकरमध्ये, पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक आणि तिथून घड्याळ लावून २५ मिनिटं. डब्यात असल्यामुळे वेळ जास्त ठेवला. चणे थेट कुकरमध्ये टाकले तर चांगल्या मालाला १५ ते २० मिनिटं पुरतात. शिट्ट्या मोजण्याला माझा विरोध आहे, आणि तो मी दर नोंदीत लिहिणार. शिट्टी किती वेळा होते हे आच, कुकरचा आकार आणि पाण्याची पातळी यांवर ठरतं. आतलं तापमान साधारण १२० अंशांवर किती वेळ टिकलं, एवढंच महत्त्वाचं.

परीक्षा अंगठा आणि तर्जनीची. नवा माल, फिल्टरचं पाणी: दाबला की पिठल्यासारखा पसरला, रवाळपणा नाही. नवा माल, बोअरचं पाणी: आतून शिजलेला, पण साल चिवट, दाताखाली वेगळं येणारं. जुना माल, फिल्टरचं पाणी: दाबल्यावर चुरा झाला, पण कोरडा, रवाळ. जुना माल, बोअरचं पाणी: दाबला की बोटांतून निसटला आणि दोन डाळिंब्या वेगळ्या होऊन पडल्या, दोन्ही अखंड. तो डबा परत कुकरला लावून आणखी २० मिनिटं दिली. बाहेरचा थर किंचित मऊ झाला, गाभा तसाच. या चौथ्या डब्याला नुसता वेळ देऊन उपयोग नाही.

या निसटण्यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. फक्त साल चिवट आणि आत ठीक, तर आधी पाण्यावर संशय घ्या. सालापासून गाभ्यापर्यंत सगळंच रवाळ किंवा कडक असेल, तर माल जुना. दोन्ही असेल तर आमचा चौथा डबा.

मग त्याच जुन्या मालावर उपाय. पहिला मिठाचा. ‘मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही’ हे घरोघरी ऐकलेलं असतं, पण भिजवण्याच्या पाण्यात नेमकं उलटं होतं. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं, आणि सोडियमला पेक्टिनच्या दोन साखळ्या एकत्र बांधता येत नाहीत. लिटरभर पाण्याला १५ ग्रॅम मीठ, बारा तास. चणे किंचित कमी फुगतात, एवढंच. निथळून धुतल्यावर खारटपणा फारसा राहत नाही. याने सालाचा चिवटपणा स्पष्ट कमी झाला. जुन्या दाण्याच्या गाभ्यावर परिणाम बेताचाच.

दुसरा खायच्या सोड्याचा. पाणी अल्कधर्मी झालं की पेक्टिनच्या साखळ्या उष्णतेने तुटायला लागतात, त्यामुळे हा उपाय गाभ्यापर्यंत पोचतो. भिजवताना लिटरला अर्धा चहाचा चमचा, मिठासोबतच. ते पाणी फेकून द्यायचं, चणे धुवायचे आणि २०० ग्रॅम कोरड्या चण्यांच्या मापाला शिजवताना परत एक चिमूट, चमच्याचा आठवा भाग. फिल्टरच्या पाण्यात आणि या चिमटीसह चौथ्या डब्यातला जुना माल अखेर थेट कुकरमध्ये ३५ मिनिटांत बोटचेपा झाला. नव्या मालासारखा लोणी नाही, पण छोले म्हणून वाढायला हरकत नाही. हीच चिमूट बोअरच्या पाण्यात टाकली तर तेवढं जमलं नाही.

सोड्याची मर्यादाही सांगतो. चिमूट वाढवली की साबणासारखी चव येते, साल सुटून पाण्यावर तरंगतं, रंग पिवळट होतो आणि ब१ जीवनसत्त्व जास्त जातं. हमससाठी साल सुटणं फायद्याचं. तिथे भिजलेले चणे निथळून, अर्धा चमचा सोडा चोळून कोरडेच तीन-चार मिनिटं पातेल्यात परततात आणि मग पाणी घालतात. छोल्यांसाठी मात्र दाणा अखंड हवा, तेव्हा हात आखडता.

उन्हाळ्यात भिजवण फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर बारा तासांत पाण्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो, आणि आंबट पाण्यात पेक्टिन विरघळायला तयार नसतं. आवळकाठीचंही तेच. रंगासाठी कुकरमध्ये चण्यांबरोबर ती घालायची पद्धत आहे, पण माल शंकास्पद असेल तर आवळकाठी वेगळी उकळा आणि तो काढा शिजलेल्या चण्यांत ओता. टोमॅटो, चिंच, आमचूर चणे पूर्ण मऊ झाल्यानंतरच. ग्रेव्हीत गेल्यावर कडकपणा कळला, तर त्याच ग्रेव्हीत तासभर उकळत बसू नका. चणे झाऱ्याने काढून धुवा, साध्या पाण्यात चिमूटभर सोड्यासह कुकरला दहा मिनिटं द्या आणि मग परत ग्रेव्हीत सोडा. ग्रेव्ही थांबते, तिची काही तक्रार नसते.

फिल्टर नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळून, थंड करून वरचं निवळ घ्या. किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तेवढा जडपणा त्याने जातो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे असलेला मात्र उकळून जात नाही, त्यामुळे आमच्या पाण्यात अर्धवटच फरक पडला. सोसायटीला सॉफ्टनर असेल तर त्यातलं पाणी चणे भिजवायला उलट चांगलं, कारण तिथे कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं.

आता माल घेण्याबद्दल. हरभरा रब्बीचा, आपल्याकडे काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. परवा दुकानात विचारलं, “काका, माल नवा आहे ना?” ते म्हणाले, “अहो, पॅकिंग परवाचंच आहे!” खोटं बोलले नाहीत, पण पाकिटावरची तारीख पॅकिंगची असते, काढणीची नाही. सुटा माल घ्यायचा तर थोडासा आणून आधी मूठभर शिजवून पाहतो आणि मगच साठा करतो. एकाच पोत्यात जुनं-नवं मिसळलेलं असेल तर त्या मुठीतच कळतं: काही दाणे पसरतात, काही निसटतात. अशा मालाला सोडा जपून द्यावा लागतो, कारण हट्टी दाण्यांसाठी दिलेल्या चिमटीने नव्यांचा गाळ होतो.

जुन्यातला उरलेला किलोभर फलाफलमध्ये जातो आहे. तिथे चणे न शिजवता, भिजवून कच्चेच वाटतात, त्यामुळे पेशी सुटायची वाट पाहावी लागत नाही, मिक्सरचं पातं ते काम करतं.

नव्या मालाच्या दोन बरण्या भरल्या आहेत, एक फ्रिजमध्ये आणि एक गॅसवरच्या त्याच कपाटात. दसऱ्याच्या सुमारास दोन्हींतले १०० ग्रॅम एकाच कुकरमध्ये, फिल्टरच्या पाण्यात, मीठ-सोड्याशिवाय लावेन आणि निकाल इथेच टाकेन. ज्यांच्याकडे नळाला मऊ पाणी आहे, त्यांनी जुन्या मालाचा एक डबा लावून पाहिला तर मला तुलनेला हवा आहे.