ओरडलं की राग का ऐकू येतो

बाबांना (सासरे) कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहितीये, म्हणून सगळे त्यांच्याशी ओरडूनच बोलतात. आज संध्याकाळी भाऊजी सांगत होते, "बाबा, रात्रीची गोळी आज घ्यायची नाही", एकदा झालं, मग जरा जोरात, मग अजून जोरात, आणि शेवटी बाबाच म्हणाले, "अरे, चिडतोस कशाला?" भाऊजी चिडले नव्हते हो, पण बाजूला बसून मलाही तसंच वाटत होतं.

होतं काय, आवाज चढवला की गळा आवळतो आणि पट्टी आपोआप वर जाते. रागावलेला माणूसही असाच बोलतो, मग ऐकणाऱ्याने वेगळं काय समजायचं? आणि गंमत म्हणजे त्याचा फारसा उपयोगही होत नाही. वयामुळे कान कमी झाले की आधी उंच पट्टीतलं ऐकू येणं जातं, आणि स, श, फ, त असली व्यंजनं बरीचशी तिथेच असतात. ओरडून स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढी होत नाहीत, म्हणजे शब्द पुसटच राहतात, वर असा कान मोठ्या आवाजाने लवकर दुखतो.

अजून एक, आपल्याकडे क्रियापद आणि 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं, नेमका तिथेच आपला श्वास संपलेला असतो आणि आवाज पडतो. बाबांना ऐकू आलं असणार "गोळी घ्यायची". धोकाच की!

मग मी टीव्ही बंद केला, हातभर अंतरावर समोर बसले. आधी फक्त "बाबा", ते माझ्याकडे बघेपर्यंत थांबले. मग श्वास घेऊन, नेहमीपेक्षा थोडंसंच मोठ्याने पण खालच्या पट्टीत, "रात्रीची गोळी", जरा थांबून, "आज नाही घ्यायची." 'नाही' पुढे आणला, त्यावर किंचित रेंगाळले, आणि शेवटपर्यंत आवाज पडू दिला नाही. "बरं, मग उद्या घेऊ का?" झालं काम.

पट्टी खाली आहे का हे कळायला मी छातीवर हात ठेवते, तिथे थरथर जाणवली पाहिजे, सगळा ताण गळ्यातच लागत असेल तर आवाज वर गेलाय.

हळू बोला म्हटलं की काही जण एकेक अक्षर ताणतात, ते मला अजिबात पटत नाही, लहान मुलाशी बोलल्यासारखं वाटतं आणि ओठ वेडेवाकडे हलल्याने बघूनही कळत नाही. थांबायचं ते शब्दांच्या गटांमध्ये. परत सांगावं लागलं तर तेच वाक्य चढवत न्यायचं नाही, शब्द बदलायचे, "आज रात्री गोळी नको." आणि त्याआधी तो उसासा टाकतो ना आपण, तो आधी आवरायचा, त्यांना तो दिसतो.

फोनवर मात्र हे अर्धंच चालतं, तोंड दिसत नाही ना, तिथे मी वाक्य अजून छोटं करते आणि त्यांनाच विचारते, "मग आज काय करायचं?"