तीन हिरवे दिवे, तरी गाडी पेट्रोलवर: माझा अनुभव

खंबाटकी घाटात माझ्या सीएनजी गाडीला तिसऱ्या गिअरवर जरा जोर दिला की बझर वाजायचा, गॅस-पेट्रोलच्या स्विचवरचा दिवा भराभर लुकलुकायचा आणि गाडी पेट्रोलवर पडायची. गॅसच्या चार हिरव्या दिव्यांपैकी तीन मात्र तसेच पेटलेले. घाट संपला की स्विच दाबायचा, गाडी पुन्हा निमूटपणे सीएनजीवर.

गॅरेजवाल्याने आधी "गॅस संपत आला असेल" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या खेपेला दिव्यांचा सेन्सर बदलला, तिसऱ्या खेपेला किटचा ईसीयू, म्हणजे त्याचा संगणक, बदला म्हणाला. लॅपटॉप एकदाही जोडला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

हे हिरवे दिवे टाकीकडून येणाऱ्या गॅसचा दाब दाखवतात. टाकी भरली की तो साधारण २०० बार असतो. भरताना गॅस तापतो, म्हणून पंपावर चारही दिवे लागतात आणि थंड झाल्यावर एखादा विझतो. ती गळती नव्हे. इंजिनाला मात्र रिड्यूसरने उतरवलेला, जेमतेम दोन बारच्या आसपासचा गॅस मिळतो. ईसीयू हा दुसरा दाब बघतो. तो पडला की ईसीयूच्या लेखी गॅस संपला, मग टाकीत कितीही असो.

दुसऱ्या गॅरेजमध्ये लॅपटॉप लावून गाडी जागेवरच रेस केली. आयडलला दाब बरोबर, रेस वाढवली की झरझर खाली. म्हणजे वाटेत कुठेतरी गॅस अडत होता. आधी डिकीतला टाकीचा व्हॉल्व्ह पाहिला, कारण तो अर्धवट उघडा राहिला तरी असंच होतं आणि तपासायला पैसे लागत नाहीत. तो पूर्ण उघडा होता. मग रिड्यूसर आणि इंजेक्टरच्या मधला गॅस फिल्टर काढला. आतला कागद काळा, तेलकट, बोटाला चिकटणारा. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर थोडंथोडं येतं आणि तिथे साठतं. आयडलला गॅस कमी लागतो म्हणून चालून जातं, चढावर पुरत नाही. फिल्टर बदलला, त्याच घाटात गाडी गॅसवर वर गेली. आता दर २० हजार किलोमीटरला बदलतो.

गॅरेजला जाण्याआधी तोच चढ स्विच पेट्रोलवर ठेवून चढून बघा. पेट्रोलवरही गाडीला धक्के बसले तर दोष प्लग किंवा कॉइलचा असू शकतो, गॅस किटच्या मागे लागू नका.

आणि सकाळी गाडी चालू केल्यावर दिवा सावकाश लुकलुकतो, तो बिघाड नाही. रिड्यूसर कूलंटने गरम होईपर्यंत गाडी पेट्रोलवर थांबते. पंधरा मिनिटं चालवूनही लुकलुकणं थांबलं नाही, तर इंजिन थंड झाल्यावर कूलंटची पातळी बघा. लुकलुकण्याची भाषा किटगणिक बदलते, तेव्हा किटची पुस्तिका गाडीतच ठेवा. गॅसचा वास आला तर मात्र दिवे बघत बसू नका. इंजिन बंद करा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि सगळ्यांना गाडीपासून लांब न्या.